लेखी नोटीस पोचली, हे दाखवायचं कसं?

झेरॉक्स मशीनचा देखभाल करार ३१ मार्च २०२६ ला संपतोय. बंद करायचा तर किमान ३० दिवस आधी कंपनीला ‘रजिस्टर्ड एडी’ने लेखी नोटीस मिळाली पाहिजे, नाहीतर तो वर्षभर आपोआप वाढतो. पोस्टात म्हणाले, रजिस्टर बंद झालं. आता काय करू? — दुकानदार, भुसावळ

रजिस्टर्ड पोस्ट १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झालं, पण सोय गेलेली नाही. खिडकीवर ‘स्पीड पोस्ट, नोंदणीसह’ असं स्पष्ट सांगा. त्याचे ५ रुपये आणि जीएसटी वेगळे पडतात. मग पाकीट पत्त्यावरच्याच माणसाला किंवा त्यानं अधिकार दिलेल्याला मिळतं. पोचपावतीही तिथेच मागून घ्या; नुसतं ‘स्पीड पोस्ट करा’ म्हणालात तर साधं स्पीड पोस्ट जाईल. नोटिशीच्या डोक्यावर ‘स्पीड पोस्ट, नोंदणी व पोचपावतीसह’ असं लिहा, म्हणजे करारातल्या जुन्या शब्दावरून वाद घालायला जागा उरत नाही.

आता तारीख. तुमच्या करारात ‘मिळाली पाहिजे’ असं आहे, ‘पाठवली पाहिजे’ नाही. सगळी गोम तिथेच आहे. ३१ मार्चच्या ३० दिवस आधी म्हणजे १ मार्च, आणि तो रविवार. आदल्या शनिवारी कंपनीचं ऑफिस बंद असू शकतं, म्हणजे खरी मुदत शुक्रवार, २७ फेब्रुवारी. त्यात १९ तारखेला शिवजयंतीची सुट्टी. सोमवारी १६ फेब्रुवारीला पाकीट टाकलंत, तर पत्ता चुकून परत आलं तरी दुसरं पाठवायला थोडे दिवस हाताशी राहतील. त्याहून आधी टाकलंत तर उत्तमच.

गावातला कुरिअरवाला ओळखीचा आहे, दुसऱ्या दिवशी पोचवतो. त्याच्याकडे दिली तर चालेल ना? — धुळे

करारात ‘कुरिअर’ लिहिलं असेल तरच. नुसतं ‘रजिस्टर्ड पोस्ट’ असेल तर कुरिअर जास्तीची प्रत म्हणून पाठवा, एकमेव म्हणून नको. टपालानं नोटीस बजावल्याचं गृहीत धरण्याची तरतूद १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम २७ मध्ये आहे, आणि ती रजिस्टर्ड पोस्टाबद्दल बोलते. कुरिअरचं नाव तिथे नाही. कुरिअरनं पाठवलंच, तर हातानं लिहिलेल्या बुकिंग स्लिपवर थांबू नका. घेणाऱ्याची सही, नाव, तारीख आणि कंपनीचा शिक्का असलेली डिलिव्हरी स्लिप मागा. ‘सिक्युरिटीकडे दिलं’ एवढ्या नोंदीवर समोरची पार्टी सरळ कानावर हात ठेवते.

जिमला सदस्यत्व रद्द करण्याची नोटीस पाठवली. पावती आहे, पोचपावतीही आली. आता ते म्हणतात, पाकीट मिळालं पण आत भलताच कागद होता. — अमळनेर

हा जुना डाव आहे, आणि कायद्याच्या बाजूनं बघितलं तर त्यात थोडा दमही आहे: पावती पाकीट गेल्याचं सांगते, आत काय होतं ते सांगत नाही. तुमच्याकडे सही केलेल्या नोटिशीची प्रत असेल, तर आजच ती ईमेलनं पाठवा. सोबत ‘अमुक तारखेला अमुक क्रमांकाच्या स्पीड पोस्टानं पाठवलेल्या नोटिशीची ही प्रत’ असं लिहा. मूळ मुदत अजून संपली नसेल तर नवी नोटीसही टाका.

पुढच्या वेळी पाकीट बंद करण्याआधी दोन प्रतींवर सही करा, एक आपल्याकडे ठेवा. पाकिटावर बाहेरून ‘विषय: सदस्यत्व क्र. अमुक रद्द करण्याची नोटीस’ असं लिहा. मग नोटीस आणि पाकीट शेजारी ठेवून फोटो काढा. बुकिंग झालं की ‘E’नं सुरू होणारा १३ अक्षरी-आकडी क्रमांक टाकून त्याच दिवशी ईमेल पाठवा. समोरचा तेव्हा गप्प बसला, तर महिन्यानंतर ‘भलताच कागद’ म्हणणं त्याला जड जातं.

एक किरकोळ पण नडणारी गोष्ट: पोस्टाची पावती थर्मल कागदाची असेल तर उन्हाळ्यात, आणि आपल्याकडचा उन्हाळा म्हणजे विचारू नका, तिच्यावरचा छाप पार उडतो. लगेच झेरॉक्स काढा. ट्रॅकिंगच्या पानाचीही ‘डिलिव्हर्ड’ दिसताच प्रिंट घ्या. ती नोंद साइटवर कायम राहत नाही.

माझं पाकीट ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत आलं. नोटीस गेली म्हणायची की नाही? — शहादा

पत्ता बरोबर असेल तर न्यायालयं साधारणपणे नकाराला बजावणीच मानतात. ‘अपूर्ण पत्ता’ हा शेरा असता तर चूक तुमची धरली गेली असती, म्हणून करारातला पत्ता पाकिटाशी अक्षरशः ताडून बघा. दोन्हींत फरक निघाला तर करारातल्या पत्त्यावर लगेच पुन्हा पाठवा.

आणि ते पाकीट अजिबात फोडू नका. पोस्टाचा शेरा आणि तारखेचा शिक्का दिसेल असं प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून द्या. वेळ आली तर वकिलासमोर किंवा ग्राहक आयोगात ते बंदच हजर करा. तिथे उघडल्यावर आतला कागद कोणता, हा प्रश्नच राहत नाही.