स्वपरिचयातील फसलेला डेमो

“मॅडम, मी ऐरोलीत राहते आणि कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढच्या महिन्यात कॅम्पस इंटरव्ह्यू सुरू होतील. ताई म्हणते, इंट्रोमध्ये एखादं छोटं अपयश सांग, प्रामाणिक वाटतं. बाबा म्हणतात, आपल्याच तोंडाने आपली बदनामी कशाला? माझ्याकडे दोन गोष्टी आहेत: एम-थ्रीची केटी आणि मिनी प्रोजेक्टचा फसलेला डेमो. कोणती सांगू आणि किती? मसुदा सोबत पाठवते आहे.”
– एक विद्यार्थिनी

डेमो सांगा. केटीबद्दल विचारले तरच बोला.

केटी गुणपत्रिकेवर दिसते आणि प्लेसमेंटच्या फॉर्ममध्येही तिचा रकाना असतो, त्यामुळे ती आपण होऊन सांगितल्याने समोरच्याला नवीन काही कळत नाही. शिवाय लाप्लास ट्रान्सफॉर्म तेव्हा जमला नाही आणि पुढच्या प्रयत्नात जमला, यापलीकडे त्या गोष्टीत तुमच्या कामाविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. विचारलेच तर “तिसऱ्या सेमिस्टरला एम-थ्री राहिला होता, पुढच्या परीक्षेत सुटला” एवढे उत्तर पुरे. (केटी अजून सुटलेली नसेल तर मात्र फॉर्ममध्ये ती स्पष्ट लिहा, तेथे लपवलेली गोष्ट पुढे कागदपत्रांच्या पडताळणीत अडचणीची ठरते.) डेमो मात्र कोणत्याही कागदावर नाही. तो तुमच्याच कामातला आहे, संपलेला आहे आणि त्यानंतर तुमची काम करण्याची पद्धत बदलली आहे. स्वपरिचयात घालण्याजोग्या अपयशात मी एवढेच पाहते.

ताई आणि बाबा दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. 1966 साली एलियट अ‍ॅरन्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह एक प्रयोग केला होता. प्रश्नमंजूषेच्या संघात निवड व्हावी म्हणून आलेल्या उमेदवाराची मुलाखत विद्यार्थ्यांना ध्वनिफितीवर ऐकवली गेली. एका फितीत उमेदवार 92 टक्के उत्तरे बरोबर देत होता, तर दुसरीत जेमतेम 30 टक्के. आणि काही फितींच्या शेवटी उमेदवाराच्या हातून अंगावर कॉफी सांडल्याचे ऐकू येत होते. कॉफी सांडल्यावर हुशार उमेदवार ऐकणाऱ्यांना अधिक आवडला, पण सामान्य उमेदवाराची पसंती उलट खाली आली. म्हणजे ताईंचे म्हणणे खरे ठरते, पण समोरच्याला तुमची कुवत आधी कळली असेल तरच; ती कळण्याआधी चूक सांगितली, तर बाबांची भीती खरी ठरते. म्हणून डेमोची गोष्ट सुरुवातीला नको. नाव, शिक्षण, मग शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये तुम्ही स्वतः काय केले ते सांगा, त्यानंतर डेमो, आणि शेवटी या नोकरीत कोणते काम करायला आवडेल ते. अगदी शेवटी अपयश ठेवले, तर खोलीत तेच रेंगाळते.

आता तुमचा मसुदा. तो मी मोबाइलवर वेळ लावून मोठ्याने वाचला. एक मिनिट पन्नास सेकंद लागले आणि त्यातले 48 सेकंद डेमोवर गेले. त्या भागात तुम्ही लिहिले आहे: “डेमोच्या दिवशी आमचा प्रोजेक्ट पूर्ण फसला. सगळ्यांसमोर खूप लाज वाटली. कॉलेजचं नेटवर्क खराब होतं, परीक्षक घाईत होते, टीममधल्या एकाने शेवटच्या रात्री कोड बदलला होता. मी रडले, पण त्या अपयशाने मला खूप काही शिकवलं.” यात नेटवर्क, परीक्षक आणि मित्र असे तीन दोषी आहेत, आणि तुमचा वाटा कोठेच नाही. ऐकणाऱ्याला ही कबुली न वाटता गाऱ्हाणे वाटेल. लाज आणि रडणे खरे असेल, पण त्यावर मुलाखत घेणाऱ्याने काय बोलावे? आणि “खूप काही” म्हणजे नेमके काय, हा प्रश्न त्याच्या मनात येणारच.

गंमत म्हणजे खरे कारण तुम्ही मसुद्याच्या तळाशी जाता जाता लिहून ठेवले आहे. कोडमध्ये सर्व्हरचा पत्ता `localhost` असाच राहिला होता. या सगळ्या गोष्टीत सर्वांत विश्वासार्ह तपशील हाच आहे, कारण हे काम ज्याने केले आहे तोच असा तपशील सांगू शकतो. तुमच्याच मजकुरातून मी तीन वाक्ये बांधली आहेत: “दुसऱ्या वर्षी मी सोसायटीत येणाऱ्या पाण्याच्या टँकरची नोंद ठेवणारी वेबसाइट केली होती, डेमोला ती परीक्षकांच्या कॉम्प्युटरवर उघडली, पण नोंदी दिसल्या नाहीत. सर्व्हरचा पत्ता मी `localhost` ठेवला होता आणि फक्त स्वतःच्या लॅपटॉपवर तपासल्यामुळे ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. तेव्हापासून डेमोच्या आदल्या दिवशी मी काम दुसऱ्याच्या मशीनवर चालवून बघते, आणि फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये एक चूक त्यामुळेच आधी सापडली.” शेवटचा अर्धा भाग मी अंदाजाने घातला आहे, तसे खरोखर घडले असेल तरच ठेवा, नाहीतर काढून टाका.

हे बोलायला साधारण 25 सेकंद लागतात. संपूर्ण परिचय दीड ते पावणेदोन मिनिटांचा धरला, तर अपयशाचा वाटा चौथाईच्या आसपास राहतो आणि त्याहून वाढू देऊ नये. काय झाले याला एक वाक्य, माझे काय चुकले याला एक आणि त्यानंतर मी काय बदलले याला एक, असा हिशेब ठेवा. चौथे वाक्य आलेच, तर ते बहुधा सबब असते किंवा उपदेश. “माझ्या आयुष्यातलं अपयश” असे नावही देऊ नका. घडले ते सरळ सांगितले की ऐकणारा त्याला काय म्हणायचे ते स्वतः ठरवतो. मुलाखत इंग्रजीत असली तरी प्रमाण हेच. दुसरे अपयश जोडण्याचा मोह आवरा. मी घेतलेल्या एका सराव मुलाखतीत कळव्याच्या एका मुलाने ओळीने तीन चुका सांगितल्या, तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांनी त्याला शांतपणे विचारले, “आणि नीट काय झालं?” त्याला पटकन काही आठवेना.

या तीन वाक्यांवर उपप्रश्न येणार हे गृहीत धरा. `localhost` म्हणजे काय, असे विचारतील. प्रत्येक मशीनसाठी त्याचा अर्थ ‘मी स्वतः’ असा होतो, त्यामुळे परीक्षकांच्या कॉम्प्युटरवरील ब्राउझर तुमच्या लॅपटॉपवरचा सर्व्हर सोडून स्वतःच्याच मशीनवर सर्व्हर शोधत राहिला, हे तुम्हाला अडखळल्याशिवाय सांगता आले पाहिजे. मग पत्ता कोठे ठेवायला हवा होता, हा पुढचा प्रश्न. तो कोडमध्ये न कोरता वेगळ्या कॉन्फिग फाइलमध्ये ठेवायला हवा होता, हे त्याचे उत्तर. या दोन प्रश्नांना तुम्ही चाचपडलात, तर चूक पाठ करून आणलेली वाटेल.

सराव ताईंसमोर करू नका, त्यांना गोष्ट आधीच माहीत आहे. ऐरोलीहून ठाण्याला जाताना लोकलमध्ये कॉम्प्युटरशी संबंध नसलेल्या एखाद्या मैत्रिणीला ही तीन वाक्ये सांगा आणि मग तिच्याकडून ऐका. “नोंदी दिसल्या नाहीत, कारण तिने फक्त स्वतःच्या लॅपटॉपवर तपासलं होतं” एवढे ती सांगू शकली तर मसुदा तयार आहे. ती “बिचारीचा प्रोजेक्ट फसला” एवढेच म्हणाली, तर दुसरे वाक्य पुन्हा लिहा. गटचर्चेआधी प्रत्येकाला अर्धा मिनिट देतात, तेथे मात्र ही गोष्ट सांगूच नका. एवढ्या वेळात आधीचे काम मांडून होत नाही.