ग्रुपवर टाकण्याआधी मला पाठवा

प्रश्न: आमचे काका आणि मामा कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज खात्री न केलेले आरोग्याचे आणि राजकारणाचे मेसेज फॉरवर्ड करतात. त्यांना न दुखावता थांबायला कसे सांगावे?

उत्तर:

"फॉरवर्ड करणे थांबवा" अशी विनंती करूच नये, असे माझे मत आहे. ज्येष्ठ माणसाला त्यातून "तुम्हाला काही कळत नाही" एवढेच ऐकू येते, आणि नेमके काय थांबवायचे हेही त्यातून कळत नाही. त्याऐवजी एकच मेसेज निवडावा, तो स्वतः नीट तपासावा, त्याबद्दल त्यांच्याशी एकांतात बोलावे आणि शेवटी एक लहानशी, पाळता येईल अशी विनंती करावी. हे प्रत्यक्षात कसे होते, ते माझ्या एका काकांनी पाठवलेल्या मेसेजच्या आधारे सांगतो. मी हृदयरोग विभागात तंत्रज्ञ म्हणून काम करतो, त्यामुळे त्या मेसेजमधले खरे-खोटे मला जवळून माहीत होते.

मेसेज बहुतेकांनी वाचलेला असेल. तुम्ही एकटे गाडी चालवत घरी निघाला आहात, अचानक छातीत तीव्र वेदना सुरू होतात, रुग्णालय काही किलोमीटरवर आहे. अशा वेळी दीर्घ श्वास घ्या आणि जोरात खोका, दर दोन सेकंदांनी असे करत राहा, म्हणजे हृदय पुन्हा नीट चालू लागेल. शेवटी असे असते की हा मेसेज प्रत्येकाने दहा जणांना पाठवला तर किमान एक जीव वाचेल. माझ्या मते या मेसेजची सारी ताकद त्या शेवटच्या ओळीत आहे. ती वाचणाऱ्या माणसाला न पाठवणे हाच निष्काळजीपणा वाटू लागतो. काका तो पाठवतात ते आपल्या माणसांच्या काळजीपोटी, आणि बोलणे सुरू करताना ही काळजी मान्य केली नाही तर पुढचे काहीही त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

आता त्यात खरे काय आहे ते पाहू. हृदयविकाराचा झटका येतो तेव्हा हृदयाला रक्त पुरवणारी धमनी बंद पडते आणि स्नायूच्या काही भागाला रक्त मिळेनासे होते. पण हृदय बहुधा धडधडत असते. खोकल्याने धमनीतली गुठळी निघत नाही. हृदय बंद पडणे ही वेगळी घटना आहे. त्यात मेंदूला होणारा रक्तपुरवठा थांबतो आणि माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो, म्हणजे खोकण्याच्या स्थितीतच उरत नाही. तरीही हा मेसेज निव्वळ कल्पनेतून आलेला नाही. हृदयाची तपासणी चालू असताना, रुग्णाला ईसीजीचा मॉनिटर जोडलेला असताना, ठोक्यांची लय एकाएकी बिघडली आणि रुग्ण अजून शुद्धीवर असला, तर डॉक्टर त्याला "जोरात खोका" असे सांगतात. खोकल्याने छातीतला दाब वाढून थोडे रक्त मेंदूकडे ढकलले जाते आणि उपचार हाताशी येईपर्यंत तो थोडा वेळ शुद्धीवर राहू शकतो. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 1976 मध्ये हे नोंदवले होते. तपासणीच्या खोलीत, डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर काही क्षणांपुरती उपयोगी पडणारी ही गोष्ट मेसेजने रस्त्यावरच्या एकट्या माणसाच्या हाती देऊन टाकली. खरा धोका असा की तो माणूस रुग्णवाहिका बोलावण्याऐवजी खोकत बसेल, किंवा खोकत गाडी चालवत राहील.

एवढे तपशील हाताशी असले की बोलण्याचा सूर आपोआप बदलतो. मी काकांना फोन केला आणि म्हणालो, "काका, तुम्ही खोकल्याचा जो मेसेज पाठवलात, त्यात एक गोष्ट खरी आहे. आम्ही तपासणीच्या खोलीत रुग्णाला कधी कधी खरंच खोकायला सांगतो." त्यांना बरे वाटले, आणि पुढचे सगळे त्यांनी बचावाच्या पवित्र्यात न जाता ऐकले. मग ती गोष्ट कुठे चालते आणि कुठे चालत नाही, हे सांगितले. त्यांनी लगेच विचारले, "मग एकट्या माणसानं करायचं काय?" हा प्रश्न यायलाच हवा, आणि त्याचे उत्तर आपल्याकडे तयार हवे. ताबडतोब रुग्णवाहिका बोलवावी, गाडीत असल्यास ती बाजूला घेऊन थांबवावी, शेजारच्या किंवा ओळखीच्या माणसाला फोन करावा, घरी असल्यास दार उघडे ठेवावे आणि हालचाल न करता बसून राहावे. माणसाकडून एखादा मेसेज काढून घ्यायचा असेल तर त्याच्या जागी दुसरे काही द्यावे लागते, कारण मुळात त्यांना आपल्या माणसांना काहीतरी उपयोगी द्यायचे असते.

हे बोलणे ग्रुपवर का करू नये, यामागे केवळ शिष्टाचार नाही. चारचौघांत, त्यातही भाचे-पुतण्यांसमोर चूक दाखवली की माणूस मेसेजचा बचाव करू लागतो आणि तो मेसेज त्याच्या मानाचा विषय होतो. शिवाय ज्यांनी गुपचूप वाचून तो खरा मानला, ते या वादात काही बोलतच नाहीत. म्हणून दुरुस्ती ग्रुपवर यावी, पण ती काकांच्याच नावाने यावी. मी त्यांना तीन-चार ओळी लिहून दिल्या आणि त्यांनी त्या स्वतः टाकल्या. त्या ओळींची सुरुवात "छातीत दुखू लागल्यास प्रथम रुग्णवाहिका बोलवा" अशी होती. "खोकल्याचा मेसेज खोटा आहे" अशी नव्हती. एकच विधान पुन्हा पुन्हा कानावर पडले की ते अधिक खरे वाटू लागते, हे मानसशास्त्रज्ञांनी 1977 मध्येच प्रयोगातून दाखवले आहे, त्यामुळे दुरुस्ती करतानाही खोट्या दाव्याला पहिली जागा देऊ नये. मूळ मेसेज पाठवणाऱ्याला तो सर्वांसाठी काढून टाकता येतो, पण ही सोय साधारण दोन दिवसांपुरतीच असते, म्हणून फोन लवकर करावा. ॲडमिनलाही दुसऱ्याचा मेसेज काढता येतो. मी मात्र ज्येष्ठांच्या बाबतीत तसे करणार नाही, कारण ॲडमिनने तो काढल्याची नोंद तिथे सर्वांना दिसते.

याला एक अपवाद आहे. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या बंद करा, असे सांगणारा मेसेज आला तर एकांताची वाट पाहू नये, कारण कुणीतरी त्याच दिवशी गोळी टाळू शकते. अशा वेळीही आधी पाठवणाऱ्याला फोन करून "मी ग्रुपवर लिहितोय, तुमच्याबद्दल काही नाही, फक्त औषधाबद्दल" असे सांगावे आणि लगेच लिहावे. लिहिताना त्यांचे नाव घेऊ नये आणि त्यांच्या मेसेजला थेट उत्तर म्हणूनही लिहू नये.

राजकीय मेसेजच्या बाबतीत माझे धोरण थोडे वेगळे आहे. त्यात मत आणि दावा एकमेकांत मिसळलेले असतात. मत त्यांचे त्यांच्यापाशी राहू द्यावे; मामांना एखादा नेता आवडतो, यात दुरुस्त करण्यासारखे काही नाही. अमुक ठिकाणी काल अमुक घडले, हा मात्र दावा आहे आणि तो तपासता येतो. फार वेळा गडबड अशी असते की फोटो किंवा व्हिडिओ खरा असतो, पण तो जुना किंवा दुसऱ्याच ठिकाणचा असतो, आणि त्याखाली नवी ओळ लिहिलेली असते. फोटो गूगल लेन्समध्ये टाकल्यास तो आधी कुठे प्रसिद्ध झाला होता हे बरेचदा सापडते. व्हिडिओ असल्यास त्यातली पाटी, गणवेश किंवा इमारत दिसणाऱ्या क्षणाचा स्क्रीनशॉट काढून तो शोधावा. मग बोलताना "हा फोटो काही वर्षांपूर्वीचा आहे, ही पाहा तेव्हाची बातमी" एवढेच म्हणावे. पक्षाविषयी, नेत्याविषयी, त्यांच्या विचारांविषयी एक शब्दही काढू नये.

यात आपलीही एक जबाबदारी येते, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. आपण फक्त त्यांच्या बाजूचे खोटे मेसेज दाखवत असलो तर मामांनी आपल्यावर विश्वास का ठेवावा? आपल्या बाजूचा एखादा खोटा मेसेज ग्रुपवर आला तर तोही आपणच, त्याच शब्दांत आणि तेवढ्याच तत्परतेने दाखवायला हवा. असे एकदा झाले की पुढच्या वेळी ते आपले म्हणणे ऐकून घेण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

शेवटची विनंती नेमकी ठेवावी. मी काकांना एवढेच म्हणालो, "औषध, उपचार किंवा आजाराचा मेसेज आला की ग्रुपवर टाकण्याआधी मला पाठवा, मी बघून सांगतो." मेसेजवर दोन बाणांची खूण असेल तर तो निदान पाच हातांतून फिरून आलेला असतो, हेही त्यांना दाखवून ठेवले. खूण असली म्हणजे मेसेज खोटाच असे नाही, आणि कुणी मजकूर कॉपी करून नव्याने पाठवला तर खूण नाहीशी होते. तरीही जरा थांबून पाहण्यासाठी ती पुरेशी आहे. ही व्यवस्था टिकते की नाही, हे मात्र आपल्यावर अवलंबून असते. त्यांनी सकाळी पाठवलेल्या मेसेजला आपण परवा उत्तर दिले तर ते पुन्हा थेट ग्रुपवर टाकू लागतील. आणि मेसेज खरा निघाला तर "हे बरोबर आहे, जरूर पाठवा" असे आवर्जून कळवावे, नाहीतर आपण फक्त नकार देणारे ठरतो आणि ते आपल्याला विचारणे सोडून देतात.

इतके करूनही एखादी व्यक्ती ऐकणार नाही, तेव्हा मी आग्रह दोनच प्रकारांपुरता ठेवेन: औषध घेणे किंवा सोडणे याविषयीचे मेसेज, आणि एखाद्या समाजाविरुद्ध लोकांना भडकवणारे मेसेज. या दोन्हींत कुणाला तरी खरी इजा होऊ शकते, म्हणून तेवढ्यांविषयी प्रत्येक वेळी फोन करेन, त्याच शांत आवाजात. बाकीच्यांसाठी ग्रुप म्यूट करेन आणि काकांशी इतर विषयांवरचे बोलणे चालू ठेवेन.