व्हॅन मध्येच बंद, फी परत मागायचं पत्र

प्रश्न: व्हॅनवाल्या काकांनी वर्षाची फी आधीच घेतली आणि मध्येच गाडी बंद केली. पत्रात काय लिहू?

उत्तर: राग बाजूला ठेवून हिशोब मांडा. फी दहा महिन्यांची आणि गाडी सहाच महिने आली असेल, तर फीचे ४० टक्के परत मागा. मजकूर असा: ‘काका, वर्षाची फी तुम्हाला अमुक तारखेला दिली. अमुक तारखेपासून गाडी आलेली नाही. राहिलेल्या चार महिन्यांची रक्कम पंधरा दिवसांत परत करावी.’ पावतीची प्रत जोडा. गाडी बंद केल्याचा त्यांचा मेसेज असेल तर तोही जोडाच, कारण तारीख त्यानेच पक्की होते. ‘पुढच्या वर्षी वळते करू’ हे उत्तर बहुतेक येईलच. मान्य नसेल तर तसं पत्रातच लिहा. पत्र हातात दिलंत तर दुसऱ्या प्रतीवर त्यांची सही घ्या.