लांब बीमच्या सळया: लॅप टक्क्यांत धरायचा की मोजून

प्रश्न: ४८ मीटर लांब बीम आहे, सळई १२ मीटरची येते. टोटल काढताना लॅपचे सरसकट ५ टक्के धरले तर चालेल का? आणि वेस्टेज किती धरू?

नाही चालणार. हे "सरसकट ५ टक्के" कुठून आले ते मला चांगले ठाऊक आहे. लॅपच्या अशाच ढोबळ हिशेबावरून मी एका तपासणाऱ्या साहेबांशी महिनोन्‌महिने वाद घातला आहे, म्हणून उत्तर जरा लांबेल.

आधी हिशेब बघा. ड्रॉइंगवर लॅप ५० डी, म्हणजे सळईच्या डायाच्या ५० पट, लिहिलेला असेल तर २० एमएमच्या सळईला तो १ मीटर होतो. (एम२५ काँक्रीट आणि एफई ५०० स्टील असेल तर आयएस ४५६ च्या सूत्राने साधारण ४९ डी येतात, ड्रॉइंगवाले ५० करून टाकतात.) म्हणजे पहिली सळई १२ मीटर अंतर कापते, पण तिच्यापुढची प्रत्येक सळई ११ मीटरच पुढे नेते, कारण एक मीटर मागच्या सळईशी जोडण्यात जातो. चार सळया लावल्या तर १२ + ३३ = ४५ मीटर. ४८ होतच नाहीत. तरी दहापैकी आठ जण ४८ भागिले १२ बरोबर ४ म्हणतात, तीन लॅप धरतात आणि ५१ मीटर लिहून मोकळे होतात. आता ५१ मीटर लांबीची ओळ चार सळयांत, म्हणजे ४८ मीटर मालात, बसणार कशी? हे त्याच कागदावर कुणी विचारत नाही.

सळया किती लागतील ते असे काढा:

```
n = ceil((L - lap) / (12 - lap))
laps = n - 1
```

`L` मध्ये दोन्ही टोकांचे एल धरून पूर्ण लांबी घ्यायची. तुमच्या बाबतीत (४८ − १) भागिले ११, म्हणजे ४.२७, म्हणजे ५ सळया आणि ४ लॅप. ओळीची लांबी ५२ मीटर. ५ टक्क्यांनी ५०.४ आली असती.

टक्के हवेच असतील तर ते डायाप्रमाणे बदलतात. लॅप भागिले (१२ वजा लॅप) करून पाहा. १२ एमएमला लॅप ०.६ मीटर, म्हणून ५.३ टक्के. २० एमएमला ९.१ टक्के. २५ एमएमला लॅप सव्वा मीटर, म्हणून ११.६ टक्के. ५ टक्केवाल्यांनी कधीतरी बारीक सळईवर हिशेब केला असावा आणि तोच आकडा सगळीकडे चिकटवला असावा. हे टक्केही फक्त खूप लांब ओळीला लागू पडतात. १३ मीटरच्या बीमला एकच लॅप येतो, १२ मीटरच्या आत एकही नाही.

इथपर्यंत कोणीही सांगेल. माझे भांडण याच्या पुढच्या पायरीवर झाले होते.

आमचा बीम असाच होता. आठ स्पॅन, कॉलम ५.८५ मीटरवर, सळई दोन्ही एल धरून ४८ मीटर, खाली २० एमएमच्या चार. ड्रॉइंगवर दोन टिपा होत्या: खालच्या सळयांचा लॅप कॉलमपासून पाव स्पॅनच्या आत घ्यायचा, आणि एका ठिकाणी निम्म्याहून जास्त सळया जोडायच्या नाहीत. मी बीबीएसमध्ये, म्हणजे सळया कापण्या-वाकवण्याच्या तक्त्यात, ओळीला चार आणि पाच लॅप आलटून पालटून धरले होते. साहेबांनी लाल पेनने सगळीकडे तीन केले आणि वर शेरा मारला, "लॅप अवाजवी." विचारायला गेलो तर म्हणाले, "अरे, बारा चोक अठ्ठेचाळीस. चौथा लॅप आला कुठून?" पाचव्याबद्दल तर त्यांना मी पैसे खातोय असेच वाटले असणार.

तो पाचवा कुठून येतो ते नीट सांगतो, कारण हे कुठल्या तक्त्यात सापडत नाही. १२ मीटरच्या अख्ख्या सळया डावीकडून लावत गेलो तर प्रत्येक लॅप ११ मीटरने पुढे सरकतो, पण दोन स्पॅन होतात ११.७ मीटरचे. म्हणजे दर लॅपला कॉलमपासून ७० सेंटिमीटर मागे पडतो. पहिला लॅप तिसऱ्या कॉलमच्या अगदी जवळ पडतो, छान. दुसरा पाव स्पॅनच्या रेषेवर लोंबकळतो. तिसरा मिड स्पॅनला चिकटतो. चौथा शेवटच्या स्पॅनच्या बरोबर मधोमध, म्हणजे खालच्या सळईवर ताण सगळ्यात जास्त असतो तिथेच. आयएस ४५६ म्हणते की मोमेंट सेक्शनच्या ताकदीच्या निम्म्याहून जास्त असेल तिथे शक्यतो जोड देऊ नका. आणि आपण नेमका तिथेच नेऊन ठेवतो, का तर सळई अख्खी वापरायची आहे.

म्हणून सळई कापावी लागते. मी ओळ दोन्ही टोकांकडून आत आणली: १२, ८.३, ११.४, ८.३, १२. बेरीज ५२ मीटर, लॅप चार, आणि चारही कॉलमजवळ पाव स्पॅनच्या आत. आता शेजारची सळई. तिचे लॅप याच ठिकाणी चालत नाहीत. दोन लॅपच्या मध्यांत निदान लॅपच्या १.३ पट, म्हणजे १.३ मीटर अंतर हवे, तरच ते जोड वेगवेगळ्या ठिकाणी आहेत असे धरतात. तेवढे अंतर ठेवून लॅप दुसऱ्या कॉलमवर किंवा कॉलमच्या दुसऱ्या बाजूला नेले की पाच तुकड्यांत ओळ पुरी होईना. मी ती कागदावर उलटसुलट मांडून पाहिली, सहावा तुकडा घ्यावाच लागला. सहा तुकडे, पाच लॅप, ५३ मीटर. चार सळयांचे मिळून २१० मीटर. ५ टक्क्यांनी हेच २०१.६ मीटर झाले असते. फरक ८.४ मीटर, वजनात साधारण २१ किलो. मजल्यावर असे बारा बीम होते, म्हणजे एका मजल्याला अडीचशे किलो, तेही फक्त खालच्या सळयांचे.

साहेबांच्या आकड्यावर माल आला. पुढे काय झाले असेल ते साइटवर काम केलेल्याला सांगायला नको. सळई कमी पडली की फिटर काही ऑफिसात फोन करत नाही, तो लॅप कमी करतो. रिंगा बांधून झालेल्या पिंजऱ्यात लॅप पटकन डोळ्याला दिसतही नाही, कारण चारही सळया समांतर पळत असतात आणि जोडाचे टोक रिंगेआड जाते. मी दोन्ही टोके हाताने चाचपून खडूने खूण केली आणि टेप लावला. एक मीटरच्या जागी ६८ सेंटिमीटर. पुढचा ७०. फिटर शांतपणे म्हणाला, "साहेब, एवढीच सळई होती." त्याचे काय चुकले? साहेबांना बोलावून तोच टेप त्यांच्या हातात दिला. पुढच्या मजल्याच्या बीबीएसवर लाल पेन चालले नाही, पण "अवाजवी" हा शेरा त्यांनी आजतागायत मागे घेतलेला नाही.

आता तुमचे वेस्टेज. लॅप आणि वेस्टेज एका टक्क्यात कालवू नका. लॅपचे स्टील काँक्रीटच्या आत राहते, ते ड्रॉइंगप्रमाणे मोजले जाते आणि त्याचे पैसे मिळतात. वेस्टेज म्हणजे कापून उरलेले, भंगारात जाणारे. ते साधारणपणे दरात धरलेले असते, मोजमापात येत नाही. दोन्ही एकत्र केले की ठेकेदाराला वाटते लॅप कमी केला तर आपले वाचते, आणि तपासणाऱ्याला वाटते लॅप म्हणजे उधळपट्टी.

वेस्टेज किती हे कटिंग लिस्ट केल्याशिवाय मी सांगणार नाही, आणि दुसऱ्या कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. आमच्या बीमला चार ओळींसाठी २२ सळया लागल्या, म्हणजे २६४ मीटर. वापर २१० मीटर. ५४ मीटर वाया गेले असे दिसते ना? पण वर कॉलमवर २० एमएमचेच टॉप एक्स्ट्रा होते, ३.६ मीटरचे. आणि ८.३ मीटर कापल्यावर उरतात ३.७ मीटर. दुसऱ्या ओळीचे तुकडेही ३.८ ते ५ मीटरच्या आसपास उरत होते. आतल्या सात कॉलमवर दोन-दोन, असे चौदा एक्स्ट्रा लागत होते, त्यातले बारा या कटपीसमधून निघाले. खरे भंगार साडेदहा-अकरा मीटर, म्हणजे ४ टक्क्यांच्या आसपास. एक्स्ट्रा १६ एमएमचे असते तर हाच आकडा २० टक्क्यांवर गेला असता. म्हणून खालच्या सळयांची कटिंग लिस्ट वरच्या एक्स्ट्रांसोबत एकाच कागदावर मांडा, वेगळी केलीत की गेलात.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. माझी मांडणी त्या ड्रॉइंगवरच्या टिपेप्रमाणे आहे. तुमच्या ड्रॉइंगवर भूकंपासाठी ड्युक्टाइल डिटेलिंग असेल तर कॉलमच्या तोंडापासून बीमच्या खोलीच्या दुप्पट अंतरात लॅप चालत नाही, कॉलमच्या जॉइंटमध्ये तर नाहीच. मग लॅपची जागा सरकते आणि कॉलमजवळच्या माझ्या सगळ्या जागा बाद होतात. तुकडे नव्याने मांडा, पाच लॅपचे सहाही होऊ शकतात. वरच्या सळयांचे उलटे असते, त्यांचा लॅप मिड स्पॅनकडे. वेगवेगळ्या डायाच्या सळया जोडल्या तर लॅप लहान डायावर काढतात. आणि ३६ एमएमच्या वर आयएस ४५६ सहसा लॅप देऊ देत नाही, तिथे वेल्डिंग किंवा कपलर; वेल्डिंग जमतच नसेल तर जोडाभोवती जादा स्पायरल देऊन लॅप चालतो. २५ आणि ३२ एमएमलाही मी हल्ली कपलरचा हिशेब शेजारी मांडून बघतो, कारण ३२ चा लॅप १.६ मीटर म्हणजे एका जोडात दहा किलो स्टील.

तुमचे कॉलम किती अंतरावर आहेत ते प्रश्नात नाही. ते, सळईचा डाया आणि ड्रॉइंगवरची लॅपची टीप कळवा, मग लॅप चार की पाच ते सांगता येईल.