क्रिप्टो एक्स्चेंजच्या खात्याला एसएमएसचा ओटीपी आहेच, मग वेगळं ऑथेंटिकेटर ॲप कशाला? आणि घ्यायचंच तर कुठलं?

घ्या, आजच घ्या. कुठलं ते तुम्ही ठरवा, नावाजलेलं कोणतंही चालतं.

माझं सांगतो. एका शनिवारी दुपारी फोनची रेंज गेली. घरी वायफाय, व्हॉट्सॲप चालू, त्यामुळे संध्याकाळपर्यंत पत्ताच नाही. आमचे दाजी जेवायला आले होते. म्हणाले, "टॉवरचं काम असेल, सोमवारी बघ." मीही सोडून दिलं, आणि तिथेच घोडं पेंड खाल्लं. आपल्याकडे बदललेलं सिम चालू झालं की पहिले २४ तास त्यावर एसएमएस बंद असतात. मूळ मालकाला जाग यायला तेवढाच वेळ मिळतो. तो मी झोपून घालवला.

रविवारी संध्याकाळी जीमेल पासवर्ड मागू लागलं आणि जुना घेईना. कुणीतरी माझ्या नावावर डुप्लिकेट सिम काढलं होतं. एसएमएसवर कोड मागवून त्याने आधी ईमेलचा पासवर्ड बदलला, त्या ईमेलवरून एक्स्चेंजचा, आणि पैसे काढायचा ओटीपी तर त्याच्याच हातात. एक लाख ऐंशी हजारांचे यूएसडीटी गेले. १९३०वर तक्रार केली, पण ब्लॉकचेनवरून गेलेलं परत फिरवता येत नाही. (पासवर्ड बदलल्यावर काही एक्स्चेंज दिवसभर पैसे काढू देत नाहीत. माझं त्यातलं नव्हतं.)

दाजी अजून विचारतात, "सिम तुझ्याच फोनमध्ये होतं ना, मग ओटीपी गेला कसा?" अहो दाजी, नंबर सिममध्ये नसतो, कंपनीच्या नोंदीत असतो. नोंद दुसऱ्या सिमवर वळली की आपलं सिम नुसतं प्लास्टिक. ॲपला कोड कुणी पाठवतच नाही. सुरुवातीला क्यूआर स्कॅन करता तेव्हा एक गुप्त की फोनमध्ये उतरते. ती की आणि घड्याळातली वेळ यांवरून फोन दर ३० सेकंदांनी सहा आकडे स्वतः काढतो. एक्स्चेंजही तेच गणित करून ताडून बघतं. दिवाळीत फोन एअरप्लेन मोडवर टाकून, त्यातला कोड लॅपटॉपवर भरून लॉगिन करून दाखवलं, तरी दाजींचं आपलं एसएमएसच.

आता राहिलेलं. ॲप लावून ईमेलच्या रिकव्हरीत नंबर तसाच ठेवलात तर चोराला मागचं दार उघडंच, तो काढा. एक्स्चेंजवरही एसएमएसचा पर्याय बंद करा. खोट्या साइटवर तुम्हीच कोड टाकलात तर ॲपही वाचवत नाही, चोर तो त्याच ३० सेकंदांत वापरतो. आणि क्यूआरखाली दिसणारी की कागदावर उतरवून ठेवा, फोन बिघडला तर तीच लागते. माझा कागद रेशनकार्डाच्या पिशवीत आहे.