किर्चहॉफ सोडून चालेल का?

«सर, मी कोल्हापुरात बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढे जॅम द्यायची की साखर कारखान्यात केमिस्ट म्हणून लागायचं, ठरत नाही. त्यात किर्चहॉफच्या समीकरणाची गणितं नेहमी चुकतात. हा भाग सोडला तर चालेल का?»

नाही चालणार. जॅमच्या अभ्यासक्रमात उष्मारसायनशास्त्र आहे, आणि कारखान्यात बॉयलरच्या हिशेबाला बसलास की हेच गणित तुझी वाट पाहत असेल. नोकरी की एम.एस्सी., हे तिसऱ्या वर्षात ठरव, घाई नाही. आधी हे गणित बघू.

तापमान वाढवलं की अभिकारकांचीही एन्थाल्पी वाढते आणि उत्पादितांचीही, पण सारखी नाही. जो फरक पडतो तेवढीच अभिक्रियेची एन्थाल्पी सरकते:

ΔH(T₂) = ΔH(T₁) + ΔCp (T₂ − T₁)

ΔCp म्हणजे उत्पादितांची उष्माधारकता वजा अभिकारकांची, प्रत्येकाला सहगुणकाने गुणून.

H₂ + ½O₂ → H₂O घे. 298 K ला द्रवरूप पाणी तयार झालं तर ΔH = −285.8 kJ. Cp (J/mol·K मध्ये) हायड्रोजनची 28.8, ऑक्सिजनची 29.4, पाण्याची 75.3. म्हणून ΔCp = 75.3 − (28.8 + 14.7) = 31.8. तो ½ विसरणारे वर्गात निम्मे तरी असतात. आता 373 K पर्यंत 75 अंश: 31.8 × 75 = 2385 J, म्हणजे 2.4 kJ. उत्तर −283.4 kJ. इथे 2385 तसेच kJ मध्ये मिळवलेस, तर उत्तर धन येईल आणि हायड्रोजन जळताना उष्णता शोषतो असं म्हणावं लागेल!

हेच वाफेसाठी कर. 298 K ला −241.8 kJ, वाफेची Cp 33.6, म्हणून ΔCp = −9.9. यावेळी चिन्ह उलटलं, आणि 373 K ला उत्तर आलं −242.5 kJ.

दोन्ही उत्तरांतला फरक 40.9 kJ. पाण्याची 100 अंश सेल्सिअसला बाष्पीभवन उष्णता 40.7 आहे. उत्तर बरोबर आलं की नाही, हे तुझं तुलाच असं तपासता येतं. उरलेला 0.2 चा फरक मुख्यतः वाफ आदर्श वायू धरल्याचा. Cp स्थिर धरणं 75 अंशांत खपून जातं; हजार अंशांचा पल्ला असेल तर Cp चं तापमानावरचं सूत्र घेऊन समाकलन करावं लागतं.

तुझं गणित बहुधा इथे फसत असेल: प्रश्न 400 K चा असतो आणि मुलं 75.3 घेऊन सरळ 400 ला पोचतात. 373 ला थांबायचं, 40.7 मिळवायचे, मग वाफेची ΔCp घेऊन उरलेले 27 अंश चालायचं.

कारखान्यात बगॅसमध्ये जवळपास निम्मं पाणी असतं. ते, आणि जळताना नव्याने तयार झालेलं पाणीही, चिमणीतून वाफ होऊनच जातं. म्हणून बॉयलरवाले स्थूल आणि निव्वळ उष्मांक वेगळे मांडतात, आणि मुलाखतीत या दोहोंतला फरक हमखास विचारण्यासारखा आहे.