आकडे भरणाऱ्याने मेकॅनिकलच घ्यावा, आणि तो शून्य दाबून पाहून घ्यावा

प्रश्न : मी रोज आठ तास डेटा एन्ट्री करतो, बहुतेक काम आकड्यांचे आहे. मेकॅनिकल कीबोर्ड घ्यावा की मेंब्रेन? मेकॅनिकलने बोटांचे दुखणे खरेच कमी होते का?

मेकॅनिकल घ्या. काम आकड्यांचे आहे हे तुम्ही लिहिले म्हणून इतके स्पष्ट सांगते आहे. पत्रे टंकणाऱ्या माणसाला मी कदाचित चांगला मेंब्रेन पुरेल असे म्हटले असते.

मी काही वर्षे विमा दाव्यांसाठी रुग्णालयांची बिले संगणकात भरण्याचे काम केले आहे. तेथे दुहेरी नोंदीची पद्धत होती, म्हणजे एकच बिल दोन जणी स्वतंत्रपणे भरत, संगणक दोन्ही नोंदी ताडून पाही आणि जेथे फरक निघे तेथे तपासणीवरची तिसरी व्यक्ती स्कॅन केलेले मूळ बिल पाहून निर्णय देई. चूक जिची ठरे तिच्या नावावर ती मांडली जाई आणि ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास पगारातून पैसे कापले जात. एका काळात माझ्या नावावरच्या चुका अचानक वाढल्या. पर्यवेक्षकांचे म्हणणे एकच होते की बोटांना शिस्त नाही, लक्ष दुसरीकडे असते, आणि कीबोर्डला दोष देणे ही कामचुकारांची जुनी सवय आहे.

मी तपासणीवरच्या मैत्रिणीकडून माझ्या चुकांची यादी मागून घेतली. १०५० च्या जागी १५०, २००४ च्या जागी २०४, ३०६०० च्या जागी ३६००, ७५०० च्या जागी ७५०. पानभर तेच. निष्काळजीपणाच्या चुका अशा नसतात. घाईत टंकणाऱ्याचे ४५ चे ५४ होते, ५ ऐवजी शेजारचा ४ किंवा ६ पडतो, कधी बिलातली ओळच सुटते. माझ्या यादीत तसल्या चुका तुरळक होत्या आणि गळलेला आकडा जवळजवळ प्रत्येक वेळी शून्य होता. मग दुपारच्या पाळीत त्याच जागेवर बसणाऱ्या मुलीची यादी काढली, तर तिचीही शून्येच गळत होती. चूक माणसामागे न जाता खुर्चीमागे जात असेल, तर दोष खुर्चीपुढच्या वस्तूत आहे, हे कळायला फार मोठी विद्या लागत नाही.

शून्यच का, याचे उत्तर कीबोर्डच्या रचनेत आहे. मेंब्रेन कीबोर्डमध्ये प्लास्टिकचे तीन पापुद्रे असतात. वरच्या आणि खालच्या पापुद्र्यावर वीजवाहक रेषा छापलेल्या असतात आणि मधल्याला प्रत्येक बटणाखाली भोक असते. बटणाखालची रबराची टोपी पुरती दबली की तिच्या आतला खुंट वरचा पापुद्रा त्या भोकातून खालच्यावर टेकवतो आणि तेव्हा कुठे आकडा उमटतो, म्हणजे नोंद बटणाच्या प्रवासाच्या अगदी तळाशी होते. आता नमपॅडवरचे शून्य पाहा. ते दोन बटणांएवढे रुंद असते, टोपी मात्र त्याच्या मध्याखाली एकच असते, आणि आपण ते अंगठ्याने एका टोकाला दाबतो. बटण तिरके होते, त्याचा दांडा खाचेत घासतो, धूळ आणि हाताचा घाम साचला की अडकतो, आणि अंगठा उचलला जाईपर्यंत टोपी पुरती दबलेलीच नसते. बोटाला बटण दाबल्याची जाणीव झालेली असते, पडद्यावर मात्र काहीच आलेले नसते. आकडे भरणारा माणूस पडद्याकडे पाहत नाही, त्याची नजर बिलावर असते, म्हणून ही चूक त्याला जागच्या जागी कळत नाही.

मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असतो. नेहमीच्या स्विचचा एकूण प्रवास सुमारे ४ मिलिमीटर असतो आणि आतल्या धातूच्या पट्ट्या साधारण २ मिलिमीटरवर एकमेकींना टेकतात, त्यामुळे बटण अर्धे दबले तरी आकडा उमटतो. रुंद बटणांखाली दोन्ही टोकांना जोडणारी तार असते, ती बटण तिरके होऊ देत नाही. ती तार सैल असेल तर मेकॅनिकलचे शून्यही अडकते, म्हणून विकत घेताना शून्य, एंटर आणि अधिकचे चिन्ह ही तीन बटणे कडेला दाबून पाहावीत, बाकीची पाहिली नाहीत तरी चालेल.

झिजेचा हिशेब करून पाहा. सरकारी परीक्षांत डेटा एन्ट्रीच्या चाचणीला ताशी ८००० बटणांचा वेग मागतात. तोच वेग आठ तास धरला तर दिवसाला ६४,००० दाब होतात. सरासरी सहा आकड्यांनंतर एक एंटर धरले, तर एकट्या एंटरवर दिवसाला सुमारे ९०००, आणि वर्षाचे ३०० दिवस काम झाले तर २७ लाख दाब पडतात. मेंब्रेनचे आयुष्य साधारण ५० लाख ते १ कोटी दाब सांगतात. याचा अर्थ दोन ते चार वर्षांत एंटरची मर्यादा संपते, आणि बिलांच्या रकमांत शून्ये भरपूर असल्याने शून्यही फार मागे राहत नाही, तर त्याच कीबोर्डवरची अक्षरे नव्यासारखी असतात. मेकॅनिकल स्विचसाठी ५ ते १० कोटींचा आकडा देतात. हे सगळे आकडे यंत्राने बटण बरोबर मधोमध दाबून काढलेले असतात, त्यामुळे टोकाला दाबल्या जाणाऱ्या बटणाचे आयुष्य त्याहून कमीच धरावे.

आमच्या पर्यवेक्षकांनी यादी पाहून कीबोर्ड बदलला, पण त्याच जातीचा स्वस्त कीबोर्ड आणला. काही महिने बरे गेले आणि शून्ये पुन्हा गळू लागली. मेकॅनिकल मागितला तेव्हा ‘ते गेम खेळणाऱ्या पोरांचे खेळणे आहे’ असे उत्तर मिळाले. शेवटी मी स्वतःच्या पैशाने विकत घेऊन कार्यालयात नेला. त्यानंतरच्या महिन्यांच्या यादीत गळलेले शून्य शोधावे लागे.

मेकॅनिकल स्विचचे प्रकार रंगावरून ओळखतात, आणि त्यांतला कोणता घ्यावा याबद्दल माझे मत ठाम आहे. निळा घेऊ नका. आवाजामुळे शेजारच्या खुर्चीवरचा माणूस वैतागतो हे खरे आहे, पण त्याहून मोठे कारण वेगळे आहे. निळ्या स्विचमध्ये आकडा उमटण्याची आणि बटण पुन्हा तयार होण्याची जागा एक नसते, बटण बरेच वर आल्याशिवाय दुसरा दाब धरला जात नाही. ५०० मधली दोन शून्ये झपाट्याने मारताना दुसरे शून्य गळू शकते, म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच पदरी येते. लाल स्विच सुमारे ४५ ग्रॅमच्या दाबाला उमटतो. तो हलका आहे, पण ४-५-६ वर बोटे टेकवून बिलाचे पान उलटण्याची सवय असेल तर नको तेव्हा आकडे पडतात. मेंब्रेनवरून येणाऱ्याला तपकिरी स्विच बरा. त्याला ५५ ग्रॅमच्या आसपास दाब लागतो आणि आकडा उमटतो तेथे बोटाला हलकासा उंचवटा लागतो.

नमपॅड नसलेला छोटा कीबोर्ड कोणी कितीही सुचवला तरी घेऊ नका. शक्य असेल तर स्विच उपसून बदलता येतील असा, म्हणजे हॉट-स्वॅप लिहिलेला घ्या. शून्याचा स्विच बिघडला तर कधीच न वापरलेल्या Scroll Lock खालचा स्विच चिमट्याने काढून तेथे बसवता येतो, डागकामाची गरज पडत नाही.

मेकॅनिकलचा एक दोष मात्र सांगितलाच पाहिजे. त्याचा स्विच जुना झाला की आकडा गळण्याऐवजी दुप्पट पडू लागतो, म्हणजे १०५० चे १००५० होते. रकमांच्या कामात हे अधिक घातक आहे. म्हणून कीबोर्ड कोणताही असो, त्याची पारख करण्याची रीत देते. Num Lock चालू करून एक्सेलच्या पहिल्या स्तंभात नेहमीच्या वेगाने, पडद्याकडे न पाहता, १०५० आणि एंटर असे शंभर वेळा भरा आणि शेजारच्या रकान्यात हे लिहा :

```
=COUNTIF(A1:A100,1050)
```

उत्तर १०० आले तर बटणे ठीक आहेत. कमी आले तर चुकलेल्या ओळी पाहा. १५० किंवा १०५ दिसले तर शून्य गळते आहे, १००५० किंवा १०५०० दिसले तर ते दुप्पट पडते आहे, आणि १०४० किंवा १०६० दिसले तर बोट चुकले आहे.

बोटांच्या दुखण्याबद्दल थोडक्यात सांगते. बटण तळापर्यंत ठोकण्याची सवय सुटली तर बोटांना नक्कीच आराम पडतो, आणि मेकॅनिकलवर ती सवय सोडणे शक्य असते. मात्र मेकॅनिकल कीबोर्ड बहुधा उंच असतो, त्यामुळे मनगट मागे वाकून नवे दुखणे सुरू होऊ शकते. त्याचे मागचे पाय मिटलेलेच ठेवा आणि खुर्ची इतकी उंच घ्या की कोपर बटणांच्या पातळीला येईल. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येत असतील तर ते कीबोर्ड बदलून थांबायचे नाही, डॉक्टरांना दाखवा.

पूर्ण आकाराचा बरा मेकॅनिकल कीबोर्ड अडीच-तीन हजारांच्या पुढे मिळतो, मेंब्रेन चार-पाचशेत येतो. हा फरक कार्यालयाने सोसावा असे माझे तेव्हाही मत होते आणि आजही आहे, कारण चुकीबद्दल पैसे कापणाऱ्याने हत्यार नीट दिले पाहिजे. पैसे मागायला जाल तेव्हा दुखणाऱ्या बोटांची गोष्ट सांगू नका, ती कोणी ऐकत नाही. कार्यालयाच्या कीबोर्डवर वरची चाचणी घ्या, ती फाइल तारखेसह जपून ठेवा, दर महिन्याला पुन्हा घ्या, आणि ज्या महिन्यात तुमच्या नावावर चुका मांडल्या जातील त्या महिन्याची फाइल चुकांच्या यादीसोबत लेखी अर्जाला जोडा. मी यादी तोंडी दाखवली होती. कीबोर्ड बदलून मिळाला, पण कापलेले पैसे मला कधीच परत मिळाले नाहीत.